पंजाबरावांच्या टाकीचा उतार

वाशीमच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर प्रत्येक फ्लॅटची वेगळी टाकी आहे, सगळ्या एकाच मापाच्या. टँकरचे पैसे मात्र सगळे सारखेच भरत. म्हणून निवृत्त तलाठी पंजाबरावांनी कमिटीला चिठ्ठी दिली: टँकरने टाक्या भरल्यावर आणि पुढचा टँकर येण्याआधी प्रत्येक टाकीत तळापर्यंत पट्टी बुडवून ओल्या खुणेचा फोटो घ्यावा, जितके सेंटिमीटर उतार, तितका पैशाचा वाटा. सोबत महिनाभराचे फोटो. एवढे फोटो लोक बारशातही काढत नाहीत.

बायको भागिरथाबाई गेल्यापासून पंजाबराव एकटेच असतात. त्यांची टाकी दर खेपेला बारा सेंटिमीटर उतरे. एकदाच अठ्ठेचाळीस.

"काका, तवा तुमची पिंकी लेकरं घेऊन आली होती," सेक्रेटरी शीलाताई म्हणाल्या. "पाहुण्यांचं पाणी सोडून देऊ. बाराच धरू."

"कायले? अठ्ठेचाळीसच लिहा."

"तुमालेच जास्त पडन ना."

"पडू द्या. नाही तं पोरगी आलीच नवती असं होईन."

शीलाताईंनी अठ्ठेचाळीस लिहिले. चिठ्ठी मंजूर झाली.

पुढच्या खेपेला त्यांचा उतार पुन्हा बारा निघाला. पंजाबरावांनी पट्टी दोनदा बुडवून पाहिली.