चारवर अडकलेला काटा

चार एप्रिलला माझ्या धाकट्या बहिणीने २,३४० रुपयांचा टेन्शिओमीटर, म्हणजे मातीतली ओल मोजायचं यंत्र, आणून मिरचीच्या वाफ्यात रोवला. तिची जमीन वाळूची. माती सुकेल तसा काटा चढतो; तो पंधरावर गेला की पाणी द्यायचं, असा तिचा नियम.

कडक ऊन पडूनही तीन दिवस काटा चारवरच होता. ती दर अर्ध्या तासाने जाऊन बघायची.

"अगं, चार म्हणजे ओलच आहे. बस जरा," मेहुणे म्हणाले.

"मग पानं का माना टाकतायत?"

"तुझ्या येरझाऱ्यांना कंटाळली असतील."

तिने मुळांपर्यंत हात खुपसला. मुठीतली वाळू कोरडी, भुरभुर गळली. मग यंत्राची पाणी भरलेली नळी पाहिली: झाकण सैल, आत हवा शिरून पाणी अर्ध्यावर आलेलं. सुकी माती नळीतलं पाणी ओढते तेव्हा काटा चढतो; हवा शिरल्यावर तो चढणार कसा? तिने उकळून गार केलेलं पाणी भरलं, हवा काढली, झाकण घट्ट केलं. दोन तासांत काटा तीसवर गेला.

सामाईक विहिरीवर त्या दिवशी पाळी शेजारणीची होती. शेजारणीने आपल्या पाळीतलं तासभर पाणी बहिणीला दिलं, तेव्हा मिरची वाचली.

तो एक तास अजून परत द्यायचा आहे.