तिसऱ्या हाकेपर्यंत

मराठी मंडळाच्या ऑनलाइन गटाची व्यवस्थापक मी झाले ती कौतुकाने नव्हे. सभेत कुणी हात वर करेना, आणि माझं तोंड गप्प बसत नाही, म्हणून जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. मंडळ शहराच्या लश्कर भागात, खासगी बाजाराच्या अलीकडे. आम्ही मायलेकी राहतो लांब, थाटीपुरात. तेव्हा कार्यालयात जाण्याचे कष्ट नकोत, घरबसल्या फोनवर करता येईल, असं सचिवांनी मोठ्या मनाने सुचवलं. ते निवृत्त हेडक्लार्क. दुसऱ्याला काम सुचवायची त्यांची सवय अजून निवृत्त झालेली नाही.

आई चौऱ्याऐंशीची. तिचं एकच मागणं. सणवार जवळ आला की भाजी निवडता निवडता म्हणायची, "बघ ना गं एकदा, फोनवर दिसतो का."

दिसतो का म्हणजे माझा भाऊ. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तरुणपणी बाबांशी कडाक्याचं भांडण झालं, आणि दुसऱ्या दिवशी सायकल दुरुस्त करायला मुरारला जाऊन येतो असं सांगून तो निघाला. "येतो" म्हणाला होता, हे आई आजही सांगते. सायकल मुरारच्या दुकानात मिळाली, दुरुस्त झालेली. तो मिळाला नाही. बाबा असेपर्यंत घरात त्याचं नाव काढायची चोरी होती. बाबा गेले, चोरी संपली, पण तोवर नाव घेण्याची सवयही मोडली होती.

फोन आल्यापासून मी त्याला शोधत होते. इंग्रजी अक्षरांत. इथे सगळे तसंच करतात. बोलणं अर्धं हिंदी, टाइप करणं इंग्रजी अक्षरांत, आणि अभिमान तेवढा मराठीचा. त्याचं नाव आणि आडनाव टाकलं की माणसांची रांग लागायची. कुणी नागपूरचा दाताचा डॉक्टर, कुणी गाडीला टेकून उभा असलेला पोरगेला. त्यात दादा नसायचा. आईला मी "नाही" म्हणायचे आणि ती भाजीची टोपली उचलून आत जायची. त्या "नाही"चा मला भारी राग यायचा, कारण सांगणारी मीच होते.

त्या वर्षी गणपतीच्या आधी सचिवांनी फर्मान काढलं, की गटावरची निमंत्रणं शुद्ध देवनागरीत गेली पाहिजेत. मी कुरकुरत फोनमध्ये मराठी कीबोर्ड घेतला. भाद्रपदातली दुपार, पाऊस थांबलेला, उकाडा असा की कूलरची हवाही ओली लागत होती. आई आत झोपली होती. गाण्याच्या कार्यक्रमाचं निमंत्रण लिहून मला आमच्या तबलजींना टॅग करायचं होतं. ॲटचं चिन्ह टाकायचं, नावाचं अक्षर लिहायला लागायचं, की खाली गटातली नावं सुचवली जातात, हे मला पाठ होतं. इंग्रजी पहिलं अक्षर टाकलं की तबलजी बिचारे हमखास वर यायचे.

मी तेच अक्षर मराठीत टाकलं. तबलजी आले नाहीत. खाली एकच नाव आलं.

माझ्या भावाचं.

नुसतं नाव-आडनाव नाही. मध्ये बाबांचं नाव, आपण दक्षिणेकडून इथे आलेले मराठी लोक लिहितो तसं पुरं. इथे शेजारीपाजारी मधलं नाव गाळूनच टाकतात, पण बाबांना ते खपत नसे. फोटोच्या जागी राखाडी गोळा, त्यात माणसाची नुसती बाह्याकृती. फोन माझ्या हातातून पडला नाही, मी काही सिनेमातली बाई नाही. पण मी अक्षर पुसलं. नाव गेलं. पुन्हा टाकलं. नाव आलं. घर इतकं शांत होतं की आतून आईचा श्वास ऐकू येत होता.

अंगावर काटा आला तो याचा, की सुचवलेली नावं गटातल्याच सभासदांची असतात. म्हणजे तो बाहेर कुठे नव्हता. आमच्यातच होता, अंधाऱ्या सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या माणसासारखा. आरत्यांची चित्रफीत, कोजागिरीचं दूध, बाबा गेल्याची बातमी, सगळं मी त्याच गटावर टाकलं होतं. बाबांची बातमी त्याने वाचली होती का? ते मला कळायला मार्ग नव्हता, आणि कळू नये असंही वाटलं. सणाच्या तोंडावर प्रवेशाच्या विनंत्या ढिगाने येतात आणि मी सगळ्यांना एकदम होकार देते. त्यात कधीतरी मीच त्याला आत घेतलं होतं.

मग मी घाबरत घाबरत तपासायला बसले. शोधाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत नाव टाकलं: तीच नागपूरची रांग. देवनागरीत तिन्ही नावं टाकली: तो, पहिलाच. ज्या नावाने खातं ओळखलं जातं ते इंग्रजी वापरनाव पाहिलं, तर तिथे अर्थ नसलेली अक्षरं आणि आकडे, आपलं आपण तयार झालेलं. म्हणजे इंग्रजीतून त्याच्यापर्यंत जायला वाटच नव्हती.

खात्री करायला मी माझंच दिसणारं नाव देवनागरीत करून खासगी बाजारातल्या मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, मला तुझ्या फोनवर शोध, नेहमीसारखं.

"अगं, तू तर दिसतच नाहीयेस," ती म्हणाली. "डिलीट केलंस का खातं?"

माझं इंग्रजी वापरनाव सांगितलं, तेव्हा मी दिसले. तबलजींचं कोडंही सुटलं. त्यांचं नाव इंग्रजी अक्षरांत होतं, म्हणून मराठी अक्षराला ते पुढे येईनात. आमचं ते ॲप एका लिपीतलं अक्षर दुसऱ्या लिपीत वाचून पाहण्याचे कष्ट घेत नव्हतं, निदान तेव्हा तरी. नाव लावलेलं असतं, माणूस बसलेला असतो, पण तुम्ही त्याला त्याच्याच अक्षरांत हाक मारली नाही तर तो नाहीच. कितीतरी वेळ मी दोन्ही कीबोर्ड आलटून पालटून त्याला असा नाहीसा करत आणि परत आणत बसले. शेवटी माझीच मला भीती वाटली.

मी त्याला निरोप पाठवला. अनोळखी माणसाचे निरोप वेगळ्या कप्प्यात पडतात आणि बरेचजण तो कप्पा उघडतच नाहीत. माझा निरोप न वाचलेलाच राहिला.

त्यातच सचिवांचा फोन. "ताई, गटात फोटो नसलेले बरेच खाते घुसलेत. सगळे फर्जी. चतुर्थीच्या आधी सफाई करून टाकू आपण."

"एक राहू द्या," मी म्हटलं.

"कोणतं?"

मी नाव सांगितलं. ते आमचे जुने शेजारी, त्यांनी नाव ओळखलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "अहो, आजकाल कोणीही कोणाच्या नावाचं खातं बनवतं. उद्या पैसे मागेल, तुमच्या आईंना फसवेल. खात्री नसेल तर काढावंच लागेल, चतुर्थीपर्यंत बघा."

त्यांचं चूक नव्हतं, म्हणून जास्तच संताप आला. नाव कुणालाही घेता येतं. तो दादाच आहे हे मी कशावरून सांगणार होते? आणि खातं काढलं तर आईचा मुलगा मी दुसऱ्यांदा घराबाहेर काढला असता.

आईला सांगितलं. वाटलं होतं, रडेल. ती म्हणाली, "इतकी वर्षं तू त्याला इंग्रजीतून शोधत होतीस होय?" आणि मग, "हाक मार."

टॅग केलं की त्याच्या फोनवर सूचना जाते, हे तिला समजावलं होतं. सगळ्या गटाला दिसेल, हेही. ती म्हणाली, दिसू दे. मी "आई वाट पाहते आहे, कृपया संपर्क" असं काहीतरी लिहायला लागले, तर तिने हात धरला. "हाकेत एवढं कुठे असतं? नुसतं नाव घे."

भर दुपारी मी ॲटचं चिन्ह टाकलं, अक्षर टाकलं, खाली आलेल्या नावावर बोट ठेवलं. नाव निळं होऊन पानावर बसलं. बाकी काही नाही, नुसतं नाव. गटातून लगेच प्रश्न आले, "ये कौन हैं?", "चुकून पडलं का ताई?" त्याच्याकडून काही नाही.

दुसऱ्या दिवशी आईने पुन्हा हाक मारायला लावली. पुन्हा काही नाही. सचिवांनी हात जोडलेली खूण पाठवली. मी फोन आपटला आणि म्हटलं, "आई, कुणीतरी थट्टा करतंय. पुरे झालं."

आई शांतपणे वाती वळत होती. "दोन झाल्या ना? तिसरी मार."

"तीन का?"

"लहानपणी तो घाबरट. दुपारी मागच्या नाल्याकडून कुणी हाक मारली की धावत सुटायचा. तेव्हा मी शिकवलं होतं, दिसत नसलेल्या माणसाला लगेच ओ द्यायची नाही. ते जे असतं ना, ते तिसरी हाक मारत नाही. तीन झाल्या की समजायचं, आपलं माणूस आहे." वात तिने तबकात ठेवली. "तुला नाही शिकवलं. तू कशाला घाबरत नव्हतीस."

मला हे खरंच माहीत नव्हतं. आणि तेव्हा उमगलं, की इतक्या दिवसांत त्याच्याकडे पाहून मी घाबरत होते, आणि तिकडे तोही असाच राखाडी गोळ्यामागे बसून आम्हाला घाबरत असेल. त्याच्या लेखी आम्हीच न दिसणारे.

चतुर्थीच्या आदल्या दुपारी तिसरी हाक मारली. नाव निळं होऊन बसलं. आई शेजारी पाटावर बसून होती, डोळे मिटलेले. पाण्याची टाकी भरून वाहायला लागली, तरी आम्ही उठलो नाही.

मग फोन किणकिणला. निळ्या नावाखाली उत्तर आलं होतं. एकच अक्षर, देवनागरीत.

"ओ."

मी वाचून दाखवलं. आईने डोळे न उघडता पुन्हा वाचायला सांगितलं. मग ती रडली, मोठ्याने, लहान मुलीसारखी, आणि मीही. सचिवांना मी एवढंच कळवलं, की ते खातं काढायचं नाही. का, ते त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर त्याने काही लिहिलेलं नाही. कुठे आहे, कसा आहे, विचारलं. निरोप अजून त्याच कप्प्यात पडून आहेत. आई म्हणते, घाई करू नकोस, ओ दिली म्हणजे ऐकतोय. मला तिच्यासारखा धीर नाही. मी रागावते, कधी फोनलाच शिव्या देते.

पण एक झालं आहे. ज्याला आपण अलीकडे टॅग केलं, त्याला ॲप पुढे आणतं. आता मी ॲटचं चिन्ह टाकते, अक्षर टाकायच्या आधीच, तबलजींच्याही आधी, वर तोच येतो. रोज जेवायला बसताना आई विचारते, "आहे?" मी चिन्ह टाकते, पाहते आणि पुसून टाकते.

"आहे," मी म्हणते. मग ती पहिला घास घेते.