अंगठ्याखालची ओळ

मी धारवाडला कॉलेजात आल्यापासून अळणावरची धाकटी बहीण मला इंग्रजीच्या सराव पेपरचे फोटो पाठवते. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं येतं असं तिला वाटतं.

तिच्या दहावीच्या परीक्षेला आठवडा उरला होता. फोटोत अपठित उतारा होता. एक म्हातारा म्हैस विकायला निघतो आणि तो 'रिलक्टंट' असतो. शब्दाचा अर्थ सांगून आधाराची ओळ द्यायची होती. शब्द मला माहीत नव्हता. पण म्हातारा पहाटेच निघाला होता, म्हणून मी 'उत्सुक' लिहून पाठवलं आणि आधाराला तीच ओळ दिली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "अक्का, तुझं उत्तर वर्गात वाचलं तर सगळे हसले. रिलक्टंट म्हणजे नाखूश. पुढच्याच ओळीत तो तीनदा मागे फिरतो. त्याला विकायची नव्हतीच म्हैस!"

मी फोटो पुन्हा पाहिला. "त्या ओळीवर तुझा अंगठा आलाय बघ."

"पण पेपर माझ्यासमोरच होता की. तू सांगितलंस म्हणून मी पुढे वाचलंच नाही."

मी खरं सांगून टाकलं. "मला तो शब्द येत नव्हता गं. अंदाजाने लिहिलं."

"मग तसं सांगायचंस ना, अक्का. मी अंगठा काढला असता."