फिरत्या चष्म्याला नम्र उत्तर

वहिनीला कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की आधी खोकलाच यायचा. वेबसाइट मात्र झकास बनवायची. फोन, बिलं, पाठपुरावा हे सगळं नणंद बघायची, आणि दोघींचं ऑफिस म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल.

सध्या एका चष्मेवाल्यांचं काम चालू होतं. ठरली होती पाच पानं, आणि डिझाइन दाखवल्यावर दोनदा बदल. ते बदल केव्हाच होऊन गेले, पण चष्मेवाल्यांचा उत्साह उतू चालला होता. आधी निळा रंग हवा होता, मग तोच निळा 'जरा आनंदी'. मग पहिल्या पानावर गरागरा फिरणारा चष्मा. वहिनी दर वेळी "बघते" म्हणायची आणि करून द्यायची.

त्या दिवशी मेल आला : गिऱ्हाइकाला घरबसल्या चेहऱ्यावर फ्रेम लावून बघता यावी, शिवाय डोळे तपासायची वेळही साइटवरच घेता यावी. 'छोटासाच बदल आहे.'

"वहिनी, हा बदल नाही, ही दुसरी साइट आहे," नणंद म्हणाली. "आता 'बघते' नाही. आता लिहायचं."

पहिला मसुदा वहिनीने दातओठ खाऊन लिहिला.

"हा गेला तर ते आपल्याकडे दुर्बिणीतूनसुद्धा बघणार नाहीत," नणंद म्हणाली.

दुसरा इतका गोड झाला, की शेवटी वहिनीने स्वतःहून एक जादा पान देऊ केलं होतं. ते वाचताना दोघी हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या. डोळे पुसत तिसरा लिहिला :

'तुमच्या कल्पना आवडल्या. ठरलेली पानं आणि ठरलेले बदल पूर्ण झाले आहेत. त्यानंतरचा रंग आणि फिरता चष्मा आम्ही आनंदाने त्यातच धरला. या दोन नव्या सोयी मात्र आपल्या करारात नाहीत. त्यांना वेगळा वेळ आणि खर्च लागेल. तयार साइट आत्ता सुरू करून त्या पुढच्या टप्प्यात घेऊ, किंवा त्या आधी करून साइट उशिरा सुरू करू. तुम्ही सांगाल तसं. अंदाजपत्रक आधी पाठवू, तुमचा लेखी होकार आला की काम सुरू.'

"यात 'माफ करा' कुठेच नाही गं."

"माफी कशाबद्दल मागायची?"

वहिनीने डोळे मिटून मेल पाठवला. थोड्याच वेळात फोन वाजला. नणंदेने स्पीकर लावला.

"ताई, बरं झालं लिहिलंत," चष्मेवाले म्हणाले. "मला वाटायचं, मी काही सुचवलं नाही तर तुम्हाला वाटेल काम आवडलंच नाही. म्हणून रोज काहीतरी शोधत बसायचो. बायको ओरडते, पहिलाच निळा बरा होता म्हणते."

नणंदेने तोंडात ओढणी कोंबली.

"मग आत्ताच सुरू करूया?" वहिनीने कसंबसं विचारलं.

"करा. तपासणीची वेळ घेण्याच्या सोयीचं अंदाजपत्रक पाठवा. फ्रेम मात्र लोकांनी दुकानात येऊनच लावावी. मेलवरही लिहितो तसं."

लिहिलंही. संध्याकाळी साइट सुरू झाली. कामावरून आलेला दादा दारातच थांबला : बायको आणि बहीण घरातल्या प्रत्येक फोनवर फिरता चष्मा लावून खुर्च्यांभोवती गरागरा फिरत होत्या.

"झालं काय?" त्याने विचारलं.

दोघींना हसू आवरेना, सांगणार कोण?