तुळशीच्या कुंडीतली माती

पापनाशमच्या बसथांब्यापासून हरिता आणि मी निम्मी वाट चालून आलो होतो. तिच्या पिशवीत प्रोजेक्टचा, कॉलेजातून नामंजूर होऊन परत आलेला प्रस्ताव होता, आणि आम्ही शेतातलं यंत्र उपटून आणायला निघालो होतो.

हरिता माझ्या थोरल्या दिरांची, रंगरावांची मुलगी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दहा वर्षांची असताना तिनं माझा रेडिओ उघडून परत जोडला होता. एक स्क्रू उरला, तो अजून माझ्या देवघरात आहे.

तिचं यंत्र स्वस्त होतं, कुणालाही परवडेल असं. जमिनीत दोन सळ्या, त्यांतून जाणारी वीज मोजायची. ओल जास्त तर वीज जास्त. मायक्रोकंट्रोलर नावाची छोटी चिप त्याचा आकडा करून वायरलेसनं घरातल्या डबीवर पाठवतो. कुठल्या आकड्याला किती ओल, हे ठरवायला तिनं माझ्या तुळशीच्या कुंडीतली माती नेली. वाळवली, तोलली, मापानं पाणी घालत गेली.

"काकू, तुमची तुळस खोटं बोलायची नाही," म्हणाली. मीही हात जोडून माती काढून दिली.

मग यंत्र तिच्या वडिलांच्या, म्हणजे भाऊजींच्या उडदाच्या शेतात रोवलं. भाऊजी चाळीस वर्षं अनवाणी पावलानं ओल ओळखत आलेले. फुलोऱ्यात ते म्हणाले, "माती कोरडी लागतेय गं." डबी म्हणे, सत्तर टक्के. ते हसले, "माझ्या पायापेक्षा माझी पोर शिकलेली." पाणी दिलंच नाही. फुलं गळली, शेंगा धरल्याच नाहीत.

त्यांच्या बोअरचं पाणी खारट, बांधावर पांढरा थर धरतो. मिठानं वीज जास्त वाहते, कोरडी मातीही ओली दिसते. माझ्या कुंडीत गोडं पाणी. हरितानं हे सगळं प्रस्तावात लिहिलं.

"सर म्हणाले, शेताचे आकडे काढ, कुंडीचेच ठेव, लगेच मंजूर करतो," आता ती चालता चालता म्हणाली.

"मग?"

"नाही काढले. आता त्याऐवजी चौकातल्या सिग्नलच्या दिव्यांचा प्रोजेक्ट करायला सांगितलाय."

शेत आलं. उडीद करपून काळा पडलेला. भाऊजी बांधावर बसले होते.

"या काकूबाई," ते मला म्हणाले. "पोरीचं यंत्र नेताय? राहू द्या. चूक माझीच, आकडा वाचता आला नसेल. पायाचंही आता काही खरं नाही. पुढच्या वर्षी शेत दुसऱ्याला वाट्यानं देतो."

हरितानं सळ्या उपटल्या. माती भुगा होऊन गळली. तिनं ती मुठीत धरली, वडिलांकडे पाहिलं. मग माझा पदर धरून मला बाजूला घेतलं.

"काकू, माझ्याच्यानं होत नाही. अप्पांना तुम्ही सांगा. त्यांचं पाऊल बरोबर होतं."