लिफ्टआबांची दहा बोटं

तर काल आपण त्या लाल दोरीपाशी येऊन थांबलो होतो. ट्रेडमिलला ती दोरी असते. तिचा चिमटा सदऱ्याला लावायचा. माणूस घसरून मागे गेला की दोरी ताणली जाते, किल्ली निघते, पट्टा थांबतो. लिफ्टआबांनी मात्र चिमटा लावला होता मशीनच्याच दांडीला! जरा मागे सरकलं की मशीन बंद पडायचं, म्हणून हा शहाणपणा. घरी तपासायला आलेल्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी ते पाहून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "आबा, म्हणजे दांडी पडली तर मशीन थांबेल. तुम्ही पडलात तर नाही."

लिफ्टआबा हे त्यांचं वसाहतीतलं नाव. नऊ मजली ऑफिसात चव्वेचाळीस वर्षं लिफ्ट चालवली, अजूनही घरचं दार लावताना हळूच "तळमजला" म्हणतात. उभं राहण्यात हयात गेली, म्हणून निवृत्तीनंतर त्यांना चालण्याचं वेड लागलं. गल्लीतून दोन वळणं, मग न्हाव्याच्या दुकानातलं बाकडं, तिथे अर्धा तास जगाची हजामत आणि परत. एका सकाळी मागून हॉर्न वाजला, ते दचकून वळले, पाय उखडलेल्या फरशीत अडकला आणि मनगट मोडलं.

सहा आठवडे सुनेने त्यांच्या सदऱ्याची बटणंसुद्धा लावली. प्लास्टर निघालं त्या दिवशी घरात ट्रेडमिल आलं आणि सुनेचं फर्मान निघालं: चाला किती हवं तितकं, पण याच्यावर. बाहेर एकट्याने पाऊल टाकायचं नाही. तिचं काय चुकलं? गल्लीत एका बाजूला गाड्या लावलेल्या, दुसऱ्या बाजूला धावणाऱ्या. मधे माणसाने अंग चोरूनच जायचं. पण आबांना अन्न गोड लागेना. पंचवीस मिनिटं चालून माणूस उतरतो तो त्याच कपाटासमोर.

ताईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मशीन वाईट नाही, म्हणाल्या. पट्टा सपाट, वेग आपल्या हातात, पायांना नि दमाला चांगला व्यायाम. पण दांडीवर सगळा भार टाकून चाललं तर तोल कोण सांभाळतं? दांडी. आधी हात सुटू देत, मग बाहेरचं बघू.

आता बघा हं, इथे माणसाची जात दिसते. आबांनी वेग ताशी दोन किलोमीटरवर आणला, चिमटा सदऱ्याला लावला आणि ठरवलं: दर दोन दिवसांनी एक बोट सोडायचं. पहिली सुटली डावी करंगळी. सून चहा घेऊन आली की विचारायची, "आज कितवा मजला?" आबा म्हणायचे, सहा बोटं शिल्लक. अंगठ्यांनी फार छळलं. तिसरा आठवडा संपता संपता दोन्ही हात मोकळे झाले, आणि आबा कपाटाकडे बघून हात हलवत चालू लागले, जणू कपाट ओळखीचं होतं.

मग ताईंनी त्यांना पहिल्यांदा गल्लीत नेलं. सरळ झकास गेले. पाण्याच्या टाकीपाशी वळले आणि झोकांडी गेली. ताईंनी दंड धरला म्हणून बरं. आबांचा चेहरा एवढासा झाला.

ताई म्हणाल्या, "यंत्र सरळ चालायला शिकवतं. वळायला, थांबायला, मान फिरवून बघायला रस्ताच शिकवतो."

मग घरासमोरच्या लांब व्हरांड्यात खडूने इंग्रजी आठाचा भला मोठा आकडा काढला गेला. आबा त्यावरून फिरत, मधेच थांबत, मान वळवून मागे बघत, पुन्हा चालत. ताई किंवा सून हाताच्या अंतरावर. शेजारणी खडू वाचवून वळसा घालून जात. हे महिनाभर. धुराच्या, गर्दीच्या वेळी ट्रेडमिलही चालूच.

शेवटी सुनेने परीक्षा ठेवली. न्हाव्याच्या दुकानापर्यंत एकट्याने जायचं, ती वीस पावलं मागे राहील. तोल गेला तर बाहेर जाणं कायमचं बंद. आबा निघाले. दुसऱ्या वळणावर मागून हॉर्न वाजला, तोच, कर्कश. आबा दचकले नाहीत. थांबले, भिंतीला हात टेकला, पाय जागचे जागी ठेवून मान वळवली, दुचाकीला जाऊ दिलं आणि पुन्हा चालू लागले. उखडलेली फरशी आली तेव्हा पाय उचलून ओलांडली.

न्हाव्याने बाकडं पुसून ठेवलं होतं. सून धापा टाकत येऊन शेजारी बसली, पदराने तोंड पुसलं. उद्यापासून एकट्याने या, म्हणाली, पण सकाळी, गाड्या सुरू व्हायच्या आत. आणि मग आता ते ट्रेडमिलचं धूड घरात कशाला अडवून ठेवायचं, विकून टाकू का, असं तिने विचारलं.

आबा म्हणाले, "लिफ्ट असली म्हणून कुणी जिना पाडत नाही, आणि जिना आहे म्हणून लिफ्ट विकत नाही. राहू दे ते. आणि उद्यापासून तूच चढ त्याच्यावर. एवढ्याशा गल्लीत तुला धाप लागली."