जुन्या नावाची अट

शाळेत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. टाचणी, एवढंच. कॉलरच्या आतल्या बाजूला ती टाचण्यांची ओळ खोचून ठेवायची आणि कुणाचा कागद सुटा दिसला की बोलता बोलता तो टोचून मोकळी व्हायची. अंगानेही तशीच होती, बारीक आणि ताठ. हुद्दा क्लार्कचा. मास्तरांचे रजेचे अर्ज, मुलांचे दाखले, पालकांच्या तक्रारी आणि शिपायाचं गाऱ्हाणं, सगळं तिच्या टेबलावरूनच पुढे जायचं.

मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या आणि टाचणी एकाच वर्षी नोकरीला लागल्या. तेव्हा मोठ्या बाई साध्या भूगोलाच्या बाई होत्या, आणि त्यांच्या बढतीचे अर्ज टाचणीने डबा खाता खाता टाइप करून दिले होते. मुख्याध्यापिकेची खुर्ची मिळाली त्या दिवशी त्यांनी दार लोटून घेतलं, टाचणीचा हात धरला आणि म्हणाल्या, "अगं, ही खुर्ची आपल्या दोघींची." ते वाक्य टाचणीने जपून ठेवलं. लोक दागिने जपतात, हिने वाक्य जपलं. दागिना निदान अडीनडीला गहाण तरी टाकता येतो.

तर पुढे एका वर्षी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं नाव बदललं. जुनं नाव तीन शब्दांचं, जिभेवर रुळलेलं. नवं सात शब्दांचं, त्यात 'आंतरराष्ट्रीय' आलंच. गेटवरच्या कमानीत ते मावेना, तेव्हा रंगाऱ्याने शेवटचा शब्द खांबावर उतरवला आणि वर हात झटकून म्हणाला, "वाचणारा वाचेल बरोबर." संस्थेत नवी माणसं आली होती, नवा सचिव आला होता, आणि नव्याची नवलाई म्हणतात तसं पहिलं फर्मान निघालं ते नावाचंच. शाळेच्या एकाही कागदावर जुनं नाव दिसता कामा नये.

कागद म्हणजे थोडेथोडके नव्हते. सहलीचं परिपत्रक, गणवेशाचं, पालकसभेचं, उशिरा येणाऱ्यांचं, पावसामुळे लवकर सोडण्याचं, उवा झाल्याचंसुद्धा. सगळे टाचणीच्याच हातचे. वर्षानुवर्षं तारीख बदलून तेच वापरायचे. आता एकेक फाइल उघडायची, 'शोधा आणि बदला' म्हणायचं, मग वरची पट्टी तपासायची, खालची तपासायची, कारण तिथे नाव कधी चौकटीत बसवलेलं असतं आणि शोधणाऱ्याला सापडत नाही. नवं नाव लांब असल्यामुळे मजकूर खाली घसरायचा, मोठ्या बाईंची सही दुसऱ्या पानावर एकटी जाऊन बसायची. तिला ओढून परत आणायची.

"पडद्याआडही राहायला नको हं," मोठ्या बाईंनी बजावलं होतं. "मागे एका पत्रात छापताना जुनं नाव उगवलं, तेही सचिवसाहेबांच्या समोर."

"आतले कोड, पडद्यावर न दिसणाऱ्या त्या सूचना, तेही उघडून बदलते," टाचणी म्हणाली.

"आणि कर्मचाऱ्यांची यादी?"

"तिला हात लावत नाही. कुणाला कुणी नेमलं याची नोंद आहे ती. नेमलं तेव्हा जे नाव होतं तेच राहणार ना."

"बरोबर," मोठ्या बाई म्हणाल्या. "तू आहेस म्हणून मी निश्चिंत."

या एका शब्दावर टाचणी आणखी शंभर फाइली बदलायला तयार होती. डोळ्यांत तेल घालून तिने काम केलं. घरी नवरा म्हणाला, "आता माझंही नाव बदलणार काय?" तर म्हणाली, "तुमचं लहान आहे, राहू दे." नवऱ्याचं शिवणाचं दुकान होतं, घर मात्र टाचणीच्या पगारावर चालायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही बोलत नसत.

त्या ढिगात एक साचा होता, तिचा लाडका. सत्र संपायच्या आधी शाळा प्रत्येक कर्मचाऱ्याला सेवेचं पत्र देते. शाळेत माणसं दोन प्रकारची, संस्थेने नेमलेली कायमची आणि कंत्राटावरची. पूर्वी दोन वेगळी पत्रं असत आणि दर वर्षी कुणाचं तरी कुणाला जाई. टाचणीने एकच साचा केला आणि त्याच्या पोटात एक अट बसवली. पत्र छापताना संगणक यादीत डोकावतो. 'नेमणूक कोणी केली' या रकान्यात संस्थेचं नाव असेल तर छापतो, आपली सेवा पुढे चालू राहील. ते नाव नसेल तर छापतो, आपला करार सत्राच्या अखेरीस, अमुक तारखेला, संपत आहे. ही अट कागदावर कधी दिसत नाही. कोड उघडले तरच दिसते.

आणि टाचणीने कोड उघडले होते.

'सगळे बदला' म्हटल्यावर अटीतलंही नाव बदललं. आता साचा यादीत शोधत होता नवं नाव. यादीत सगळीकडे जुनं. संगणक बिचारा शब्दाला शब्द लावून बघतो, संस्था तीच आहे एवढी समज त्याला कुठून असणार? जुळत नाही म्हटल्यावर त्याने सगळ्यांनाच दुसरं वाक्य छापलं, आणि कुठे चूक झाली म्हणून चकार शब्द काढला नाही.

छापण्याआधी टाचणीने पाहिलं नाही असं नाही. पहिली चार पत्रं पडद्यावर उलटून पाहिली. पण यादीत सगळ्यात नवा माणूस वर आणि जुना खाली, आणि शाळेत अलीकडे लागलेले सगळे कंत्राटावरचे. माळी, पहारेकरी, बसवरची बाई. त्यांचा करार संपतो आहे हे बरोबरच होतं. तिने समाधानाने गठ्ठा काढला आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी सह्या केल्या, शिपायाने पाकिटं बंद करून वाटली. टाचणीने आपलं पाकीट खणात टाकलं. स्वतःच छापलेलं पत्र कोण वाचतं?

दुसऱ्या दिवशी चित्रकलेचे सर तिच्या टेबलाशी आले. आयुष्य या शाळेत गेलेला माणूस. बोटांना खडूचा निळा रंग. त्यांनी पत्र पुढे ठेवलं आणि म्हणाले, "हे तुझ्या मशीनला कुणी सांगितलं?"

टाचणीने पत्र वाचलं. साचा उघडला, कोड उघडले, आणि अटीत सात शब्दांचं नाव ऐटीत बसलेलं दिसलं. "सर, चूक माझी आहे," ती म्हणाली. "आत्ता दुरुस्त होईल." तिने अटीत जुनं नाव परत घातलं, पुन्हा सगळी पत्रं छापली, या वेळी एकूण एक वाचली, आणि गठ्ठा घेऊन मोठ्या बाईंकडे गेली.

मोठ्या बाईंनी गठ्ठ्याकडे पाहिलं, पण पेनाचं टोपण काढलं नाही.

"बस," त्या म्हणाल्या. "मीही न वाचता सह्या केल्या गं. आपण दोघीही फसलो."

"मग या नव्यांवर सही करा ना. जुनी मी परत गोळा करते."

"सचिवसाहेबांना कळलंय. ते म्हणतात, पत्रं गेली ती गेली. ज्यांना राहायचं त्यांनी नव्या नावाच्या संस्थेकडे नव्याने अर्ज करावा, कंत्राटावर. मी खूप भांडले."

"पण ती चूक आहे. चुकीने कुणाची नोकरी जाते का?"

"तेच मी म्हणाले." मोठ्या बाईंनी तिचा हात धरला, तसाच, पूर्वीसारखा. "लोक भडकलेत. तू एक कर, चूक तुझ्याकडून झाली असं लिहून सूचना लाव. लोक शांत झाले की मी पुन्हा विषय काढते. माझ्यावर विश्वास आहे ना?"

विश्वास होता, तोच तर घोटाळा होता. टाचणीने सूचना टाइप केली. नव्या नावाच्या कागदावर, साध्या भाषेत, पत्रातल्या चुकीची जबाबदारी माझी. खाली सही केली आणि शिक्षकांच्या खोलीतल्या फलकावर लावली.

शांत कोण होणार? उलट ज्याला त्याला खापर फोडायला डोकं सापडलं. जिच्या टेबलाशी सगळे चहा प्यायचे, तिच्या टेबलाकडे आता कुणी फिरकेना. शिपाईसुद्धा कागद कोपऱ्यावर ठेवून लगबगीने निघून जायचा. विज्ञानाच्या बाई जाता जाता म्हणाल्या, "पोटावर पाय देताना आवाज तरी करायचा." टाचणीने मान खाली घातली. तिला ते बोलणं लागलं, पण खरंच वाटलं. रोज ती मोठ्या बाईंच्या दाराकडे बघायची. विषय आज निघेल, उद्या निघेल. दार बंदच असायचं.

शेवटी चित्रकलेचे सर पुन्हा आले, आणि मागे शिक्षकांच्या खोलीतले चारपाच जण. सरांनी अर्ज केला होता आणि संस्थेने वय झालं म्हणून तो परत धाडला होता.

"एक विचारू?" सर म्हणाले. "तुझं पत्र कुठंय? तुझी सेवा चालूच असेल. साचा तुझाच ना."

"माझंही तुमच्यासारखंच आहे, सर. मीही यादीतच आहे."

"दाखव."

टाचणीने खण उघडला. पाकीट तिथेच होतं, डिंकाने बंद. तिने सगळ्यांसमोर ते फाडलं. यादीत ती सगळ्यात जुनी, म्हणून हे गठ्ठ्यातलं शेवटचं पत्र. आपला करार सत्राच्या अखेरीस संपत आहे. तिने ते सरांपुढे धरलं, "बघा," म्हणाली, आणि मग तिचीच नजर त्यावर थांबली.

छापलेली तारीख शाईने खोडली होती. वर दोन महिने पुढची तारीख लिहिली होती, बाजूला मोठ्या बाईंची आडवी, छोटी सही. ते अक्षर तिला झोपेतही ओळखता आलं असतं. समासात एवढंच लिहिलं होतं, हिशेब-तपासणी होईपर्यंत.

ती तारीख फक्त दुसऱ्या वाक्यात येते. कायमच्या माणसाच्या पत्रात तारीख नसतेच. ती खोडायची तर ते वाक्य वाचावं लागतं. मोठ्या बाईंनी ते वाचलं होतं. तिची नोकरी जाते आहे हे वाचलं, कागदपत्रं पुरी व्हायला ती आणखी दोन महिने लागेल हा हिशेब केला, दुरुस्ती केली, खाली सही केली आणि पाकिटात जाऊ दिलं. मग तिचा हात धरला आणि म्हणाल्या, आपण दोघी फसलो.

गरज सरो, वैद्य मरो हे टाचणीने ऐकलं होतं. पण वैद्याला तारीख वाढवून दिलेली तिने पहिल्यांदाच पाहिली. तिला रडू आलं नाही. फार वर्षांपूर्वी डबा खाता खाता टाइप केलेला एक अर्ज आठवला, आणि त्यातलं एक वाक्य तिनेच सुचवलं होतं तेही आठवलं. केसाने गळा कापला, आणि कापणारीला केसही तिनेच पुरवला होता.

"काय झालं?" सरांनी विचारलं. त्यांना अजून काही दिसलं नव्हतं.

"सर, तुम्ही तारीख वाचा," ती म्हणाली. "आणि ती कुणी खोडलीय ते."

सरांनी वाचलं. मागच्यांनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. मग विज्ञानाच्या बाईंनी खुर्ची ओढून टाचणीच्या मागे ठेवली, पण ती बसली नाही.

ती शिक्षकांच्या खोलीत गेली. फलकावर तिची सूचना होती, चूक माझी म्हणणारी. ती तिने काढली नाही, कारण चूक तिची होतीच. कॉलरमधून एक टाचणी काढली आणि आपलं पत्र त्या सूचनेच्या शेजारी लावलं, शाईची तारीख सगळ्यांना दिसेल अशा उंचीवर.